सतत खाकरणारं मूल

तिसरीतला आठ वर्षांचा मुलगा. जुलैत सर्दी-ताप झाला, ताप तीन दिवसांत उतरला, नाकही दहाएक दिवसांत मोकळं झालं. मागे राहिलं ते खाकरणं. दर अर्ध्या मिनिटाला घशातून ‘अंह, अंह’. सप्टेंबर उजाडला तरी ते थांबेना. घरात हळद-दूध झालं, मिठाच्या गुळण्या झाल्या. दवाखान्यातून दोन वेगवेगळी कफ सिरप आणि अँटिबायोटिकचा एक कोर्स झाला. छातीचा एक्स-रे स्वच्छ आला. आजींना टॉन्सिल्सची शंका, बाबांना वाटतं मुद्दाम करतोय. ‘बास कर आता!’ असं त्यांनी दरडावलं की आवाज दोन मिनिटं थांबतो आणि मग दुपटीने सुरू होतो.

थोड्याफार फरकाने हे चित्र बालरोगतज्ज्ञांकडे नेहमी दिसतं. अशा खाकरण्यामागे सहसा तीनपैकी एक कारण असतं: मागे रेंगाळलेला संसर्ग, ॲलर्जी किंवा टिक. टिक म्हणजे पुन्हापुन्हा, जवळजवळ आपोआप होणारी हालचाल किंवा आवाज. तिन्ही आवाज कानाला सारखेच वाटू शकतात. ते वेगळे ओळखता येतात ते कधी येतात आणि सोबत आणखी काय दिसतं यावरून.

संसर्ग उतरणीला लागलेला असतो. साधी सर्दी दहा ते चौदा दिवसांत आटोपते. त्यानंतरचा खोकला तीन-चार आठवडे, क्वचित आठ आठवडेही राहतो, पण दर आठवड्याला तो आधीपेक्षा कमी झालेला जाणवतो. रोजचा खोकला चार आठवड्यांपुढे गेला की डॉक्टर त्याला दीर्घकालीन मानतात आणि कारण शोधतात. खोकताना छातीत कफ घरघरत असेल, तर श्वासनलिकांमध्ये जिवाणूंचा चिवट संसर्ग असू शकतो आणि तिथे अँटिबायोटिक खरोखर लागतं. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, ताप, वजन घटणं किंवा घरात क्षयाचा रुग्ण असेल, तर क्षयाची तपासणी टाळू नये. खाता-खेळता एकाएकी ठसका लागून खोकला सुरू झाला असेल, तर शेंगदाण्यासारखं काहीतरी श्वासनलिकेत अडकलेलं असू शकतं. अशा वेळी त्याच दिवशी रुग्णालय गाठावं.

ॲलर्जीचा पुरावा घशापेक्षा नाकात जास्त सापडतो. नाकातला पातळ स्राव मागून घशात उतरतो, म्हणून मूल खाकरतं. सकाळी उठल्यावर ओळीने शिंका येतात, नाक आणि डोळे खाजतात. तळहाताने नाक वर ढकलत घासायची सवय लागते आणि कालांतराने नाकाच्या शेंड्याच्या वर एक आडवी रेघ उमटते. डोळ्यांखाली काळसरपणा दिसतो, झोपेत तोंड उघडं राहतं. त्रासाचा जागेशी आणि ऋतूशी संबंध दिसतो: गादी झटकताना, दिवाळीच्या साफसफाईत, पावसाळ्यात बुरशी धरलेल्या ओल्या भिंतींच्या खोलीत तो वाढतो. दम्याचा खोकला मात्र रात्री, पहाटे किंवा धावल्यावर उसळतो आणि बरेचदा छातीत शिट्टीसारखा आवाज येतो.

टिकची चाल निराळी असते. आवाज छोटा, कोरडा, दर वेळी जवळपास तसाच. मूल क्रिकेटमध्ये किंवा चित्र काढण्यात रंगलं की तो ओसरतो. थकवा, परीक्षेची धास्ती, पाहुणे येण्याचा आनंद यांनी वाढतो. टीव्हीसमोर निवांत बसल्यावरही वाढू शकतो. त्याविषयी नुसतं बोललं तरी वाढतो. शाळेत मूल तो काही काळ दाबून ठेवतं आणि घरी आल्यावर त्याचा पूर लोटतो. थोडी मोठी मुलं सांगतात की आवाजाआधी घशात काहीतरी अडकल्यासारखं होतं आणि खाकरल्यावर क्षणभर बरं वाटतं. शिंक येण्याआधी नाकात हुळहुळतं, तशीच ही कळ. म्हणूनच ‘मुद्दाम करतोस’ हा आरोप चुकीचा ठरतो.

आपल्या गोष्टीतल्या आईने आठवडाभर वहीत नोंद ठेवली आणि बाबांनी मोबाइलवर चार छोटे व्हिडिओ काढले. गाढ झोपेत आवाज नाही. गणिताच्या गृहपाठाला भरपूर, बॅडमिंटन खेळताना एकदाही नाही. शिंका नाहीत, खाज नाही, रात्रीचा खोकला नाही. डॉक्टरांनी विचारल्यावर आणखी एक गोष्ट आठवली. जानेवारीत हाच मुलगा महिनाभर सारखा डोळे मिचकावत होता आणि ॲलर्जी समजून त्याला थेंब दिले होते. टिक अशी जागा बदलते: आज डोळे, उद्या खांदा, परवा घसा. नाक, घसा आणि छाती तपासून डॉक्टरांनी निदान केलं, टिक.

झोपेतली शांतता हा चांगला दुवा आहे, पण त्या एकट्यावर निदान करू नये. अमेरिकेतल्या छातीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2015च्या मार्गदर्शिकेत हे बजावलं आहे. ॲलर्जी आणि टिक एकाच मुलात असू शकतात. चित्र संमिश्र असेल तर डॉक्टर ॲलर्जीचं एकच औषध दोन ते चार आठवडे देऊन बघतात. फरक पडला नाही तर ते बंद करायचं. इथे एक चकवा आहे. टिक आपोआप कमी-जास्त होते, त्यामुळे ओसरतीच्या काळात चालू असलेल्या औषधाला श्रेय मिळतं आणि ती परतली की तीच बाटली पुन्हा आणली जाते. मॉन्टेलुकास्ट असलेल्या गोळ्यांबाबत तर जास्त सावध राहावं. त्यांच्या मनोविकारविषयक दुष्परिणामांबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2020 मध्ये ठळक इशारा दिला आणि दुष्परिणामांच्या यादीत टिकचाही उल्लेख आहे. आवाज त्या गोळीनंतर सुरू झाला असेल तर डॉक्टरांना तसं सांगा.

टिक साधारण पाच-सात वर्षांच्या सुमारास सुरू होतात. मुलग्यांमध्ये त्या जास्त दिसतात. बहुतेकांच्या वर्षाच्या आत जातात. ज्यांच्या राहतात, त्यांच्याही दहा-बारा वर्षांच्या वयात शिगेला पोहोचून पुढे बऱ्याचदा ओसरतात. हालचालीच्या दोन किंवा अधिक आणि आवाजाची किमान एक टिक वर्षाहून जास्त काळ दिसली, तर त्याला टुरेट सिंड्रोम म्हणतात. जॉर्ज जिल द ला टुरेट या फ्रेंच डॉक्टरांनी 1885 मध्ये त्याचं वर्णन केलं. त्यात मूल शिव्या देतंच, हा गैरसमज आहे. तसं थोड्याच रुग्णांत होतं.

टिक मुलाला त्रास देत नसेल तर तिच्याकडे दुर्लक्ष हाच उपचार. घसा दुखत असेल, वर्गात चिडवाचिडवी होत असेल, तर सवय बदलण्याचं प्रशिक्षण देणाऱ्या मानसशास्त्रज्ञाची मदत घ्यावी. ते मुलाला खाकरण्याआधीची कळ ओळखायला शिकवतात आणि ती आली की ओठ मिटून नाकाने सावकाश श्वास घ्यायला लावतात. कळ विरेपर्यंत असा श्वास चालू ठेवायचा. 2010 मध्ये अमेरिकेत 126 मुलांवर झालेल्या चाचणीत या पद्धतीने निम्म्याहून अधिक मुलं लक्षणीय सुधारली. नुसता धीर आणि माहिती दिलेल्या गटात हे प्रमाण पाचात एकाहूनही कमी होतं. औषधं त्यानंतरची पायरी. लक्ष न लागणं, कमालीची चंचलता किंवा तीच तीच कृती केल्याशिवाय चैन न पडणं सोबत दिसत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगावं. काही मुलांमध्ये टिकपेक्षा त्याचाच त्रास जास्त असतो.

म्हणून आणखी एक कफ सिरप आणण्याआधी आठवडाभर नोंद ठेवा, मुलाला न टोकता एक-दोन व्हिडिओ काढा आणि ते घेऊन डॉक्टरांकडे जा. टिक आहे असं ठरलं, तर वर्गशिक्षकांनाही सांगा की याला ‘गप्प बस’ म्हणू नका.