आतड्याचा कॅन्सर एकाच घरात पुन्हा पुन्हा का दिसतो?

आजोबा पोटाच्या दुखण्यानं गेले, आत्याची पिशवी काढली तरी ती वाचली नाही आणि आता पंचेचाळिशीतल्या चुलत्याच्या आतड्यात गाठ निघाली. अशा घराबद्दल गावात कुणी शाप म्हणतं, कुणी विहिरीच्या पाण्याला दोष देतं. अशा काही घरांमागचं खरं कारण मात्र डॉक्टरांना आता नेमकं सांगता येतं. त्याचं नाव लिंच सिंड्रोम. आतड्याच्या कॅन्सरच्या शंभर रुग्णांत साधारण तीन जणांचा आजार या प्रकारचा असतो.

याची पहिली नोंद सव्वाशे वर्षांपूर्वीची आहे. १८९५ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात अल्ड्रेड वॉर्थिन नावाचे डॉक्टर होते. त्यांच्याकडे शिवणकाम करणारी बाई एकदा उदास दिसली. विचारल्यावर ती म्हणाली, की आमच्या घरात सगळे आतड्याच्या नाहीतर बायकांच्या अवयवांच्या कॅन्सरनं जातात, मीही तशीच जाणार. पुढे ती खरोखरच गर्भाशयाच्या कॅन्सरनं गेली. वॉर्थिन यांनी तिच्या घराण्याची माहिती गोळा करून १९१३ मध्ये छापली, पण फारसं कुणी मनावर घेतलं नाही. नंतर १९६० च्या दशकात हेन्री लिंच या डॉक्टरांनी अशीच आणखी घराणी शोधली, तेव्हा हा आजार रक्तातून उतरतो हे हळूहळू मान्य झालं. त्याला कारणीभूत असलेलं पहिलं जनुक १९९३ मध्ये सापडलं, एमएसएच-२. त्या शिवणकाम करणाऱ्या बाईच्या घराण्यात बिघाड निघाला तो याच जनुकात.

हे जनुक करतं काय? पेशी दुभंगते तेव्हा तिला आपल्या डीएनएची पूर्ण नक्कल काढावी लागते. डीएनए म्हणजे ए, टी, जी, सी या चार अक्षरांचा मजकूर. आईकडून आलेली सुमारे तीनशे कोटी अक्षरं आणि वडिलांकडून आलेली तेवढीच. एवढं उतरवताना चूक होणारच. नक्कल काढणारी यंत्रणा हातासरशी बऱ्याच चुका सुधारते, तरी काही निसटतात. म्हणून तिच्या मागून दुसरी तपासणी फिरते.

या तपासणीत एमएसएच-२ आणि एमएसएच-६ ही दोन प्रथिनं जोडीनं डीएनएवरून सरकत जातात. अक्षरांची जोडी जुळत नसेल तर तिथे धाग्याला फुगवटा येतो, तो त्यांना लागतो. मग एमएलएच-१ आणि पीएमएस-२ ही दुसरी जोडी येते. नव्या धाग्याचा तेवढा तुकडा कापून काढला जातो आणि जुन्या धाग्याबरहुकूम पुन्हा लिहिला जातो. मूळ कोणतं आणि नक्कल कोणती हे ओळखून दुरुस्ती नकलेतच करायची, हे यातलं खरं कसब. निसटलेल्या चुकांपैकी बहुतेक सगळ्या इथे पकडल्या जातात.

सर्वात जास्त चुका होतात त्या एकच अक्षर लागोपाठ येतं तिथे. सातबारा हातानं उतरवताना लांबलचक आकड्यातलं एखादं शून्य गळावं, तसंच. आतड्याच्या पेशीत ‘आता वाढू नकोस’ हा निरोप घेणारं एक प्रथिन असतं. त्याच्या जनुकात ए हे अक्षर सलग दहा वेळा येतं. नक्कल करताना दहाचे नऊ झाले, की पुढचा सगळा मजकूर एका घरानं सरकतो आणि निरर्थक होतो. तपासणी शाबूत असेल तर ही चूक लगेच दुरुस्त होते. तपासणी बंद असेल तर ती तशीच राहते आणि ती पेशी ‘थांब’ हा निरोप ऐकेनाशी होते. लिंचच्या आतड्याच्या बहुतेक गाठींत नेमका हाच ए गळालेला सापडतो. अशा अनेक चुका साठल्या की कॅन्सर होतो.

म्हणजे बाळ जन्माला येताना कॅन्सर घेऊन येत नाही. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात. लिंचच्या घरातल्या माणसाला त्यातली एक बिघडलेली मिळते, पण दुसरी चांगली असते आणि तिच्यावर काम चालतं. पुढे आयुष्यात एखाद्या पेशीत ती दुसरीही खराब झाली, की त्या पेशीतली तपासणी बंद पडते. आतड्याचं आणि गर्भाशयाचं अस्तर सतत नवं होत असतं, तिथे नकलाही जास्त. एमएसएच-२ किंवा एमएलएच-१ बिघडलेल्या माणसांत साधारण निम्म्यांना आयुष्यात कधीतरी आतड्याचा कॅन्सर होतो, तोही बऱ्याचदा पन्नाशीच्या आत. बाकीचे त्यातून सुटतात, म्हणून मधली एखादी पिढी कोरी दिसते.

दुरुस्तीच्या यंत्रणा पेशीत आणखीही आहेत. तुटलेला डीएनए सांधण्यात ज्यांचा वाटा असतो त्या बीआरसीए जनुकांत दोष असेल तर स्तनाचा आणि बीजांडाचा कॅन्सर घराण्यात दिसतो. उन्हानं झालेली इजा दुरुस्त होत नसेल तर लहान वयातच त्वचेचा कॅन्सर होतो.

लिंचचा दोष मूल मुलगा असो वा मुलगी, निम्म्या शक्यतेनं उतरतो. इथे आपल्याकडे एक घोळ होतो. घरात कुणाला कॅन्सर होता का, असं विचारलं की लोक भाऊबंदकीचं सांगतात. आईचं माहेर, लग्न होऊन गेलेल्या आत्या, मावशीची मुलं राहून जातात. बापाकडून उतरलेला दोष मुलीत गर्भाशयाच्या कॅन्सरच्या रूपानं दिसू शकतो, तोही ‘बायकांचं दुखणं’ म्हणून वेगळाच धरला जातो. शौचातून पडणारं रक्त मूळव्याध समजून वर्षभर अंगावर काढलं जातं ते निराळंच.

ओळखण्याची सुरुवात गाठीच्या तुकड्यापासून होते. ऑपरेशननंतर हा तुकडा मेणात घालून ठेवतात, त्याला ब्लॉक म्हणतात. त्यावर वरची चार प्रथिनं रंगवून पाहतात. एमएसएच-२ आणि एमएसएच-६ दोन्ही दिसली नाहीत तर लिंचचा संशय दाट होतो. फक्त एमएलएच-१ आणि पीएमएस-२ नसतील तर घाई नको. उतारवयात हे जनुक गाठीपुरतं आपोआप बंद पडलेलं असतं, ते मुलांना जात नाही. संशय राहिला तर आधी रुग्णाच्या रक्ताची जनुक तपासणी होते आणि नेमका दोष सापडल्यावर नातेवाइकांमध्ये तेवढाच शोधतात. ज्याच्यात तो नाही, त्याचा धोका चारचौघांइतकाच. कधी कधी मात्र अहवालात ‘अर्थ अनिश्चित’ असा बदल येतो. त्यावरून कुणाची पिशवी काढणं बरोबर नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये घराण्यात उतरणाऱ्या कॅन्सरसाठी वेगळं क्लिनिक आहे, अशा अहवालाचा अर्थ तिथे विचारता येतो.

दोष सापडला तर एमएसएच-२ आणि एमएलएच-१ वाल्यांना साधारण पंचविशीपासून दर एक-दोन वर्षांनी आतड्याची दुर्बिणीनं तपासणी सांगतात. एरवी आतड्यातल्या कोंबाचा कॅन्सर व्हायला दहाएक वर्षं लागतात, इथे दोन-तीन वर्षांतही होतो. म्हणून पाच वर्षांनी येतो म्हणून चालत नाही. कोंब दिसला की त्याच दुर्बिणीतून तो काढून टाकतात. मुलं झाल्यावर चाळिशीच्या आसपास गर्भाशय आणि बीजांडं काढण्याचा पर्यायही बायकांपुढे ठेवला जातो.

तपासणीची बंद पडलेली यंत्रणा परत चालू करणारं औषध नाही. पण याच बिघाडाची एक बाजू रुग्णाच्या उपयोगाची ठरली. शेकडो चुकांमुळे या गाठीत विचित्र प्रथिनं तयार होतात आणि शरीराच्या पहारेकऱ्यांना ती परकी वाटतात. पहारेकऱ्यांना अडवणारा लगाम सोडणारं पेम्ब्रोलिझुमॅब हे औषध अमेरिकेत २०१७ मध्ये अशा सगळ्या गाठींसाठी मंजूर झालं, मग गाठ कोणत्याही अवयवातली असो. औषध फार महाग आहे, आणि ते द्यायचं की नाही हे ठरवायलाही आधी त्याच ब्लॉकची तपासणी लागते. त्यामुळे ऑपरेशन झालेल्या दवाखान्यातून डिस्चार्जचे कागद घेताना ब्लॉक कुठे ठेवला आहे आणि तो किती वर्षं ठेवतात, हेही विचारून घ्यावं.