स्थिर केलेल्या चित्रात डोंगर का वाकतो?

वारीच्या दिवसांत दिवे घाटात फोनवर घेतलेला एखादा शॉट डोळ्यांसमोर आणा. शूट करणारा वारकऱ्यांच्या मागून चालतो आहे. हातभर अंतरावर कुणाचा तरी खांदा, त्यापुढे पताका आणि पलीकडे घाटाचा हिरवा उतार. प्रत्येक पावलाला चित्र खालीवर होतं. असा शॉट एडिटिंगला घेऊन त्याला स्टॅबिलायझर लावला की दोन गोष्टी हमखास दिसतात. कडेचे वारकरी चौकटीतून गायब होतात. आणि मघाशी हादरणारा डोंगर आता हादरत नाही, पण मधूनच वाकतो, ताणला जातो, पुन्हा सरळ होतो. दोन्ही गोष्टींची कारणं वेगळी आहेत, म्हणून उपायही वेगळे.

आधी कडांचं बघू. सॉफ्टवेअर प्रत्येक फ्रेममध्ये ठळक खुणा शोधतं: दगडाचा कोपरा, पताकेची काठी, टोपीची कड. त्या खुणा पुढच्या फ्रेममध्ये कुठे सरकल्या हे पाहून कॅमेरा कसा हलला याचा अंदाज बांधतं आणि तेवढीच फ्रेम उलट दिशेला सरकवतं. कॅमेरा खाली गेला तर फ्रेमही खाली. पण अख्खी फ्रेम सरकली की तिच्या मागे काळी पट्टी उघडी पडते, कारण तिथलं चित्र कधी टिपलंच गेलेलं नसतं. ती पट्टी झाकायला चित्र मोठं करावं लागतं. कापल्या गेलेल्या कडा म्हणजे हाच झूम.

हिशेब सोपा आहे. चित्र १९२० बाय १०८० पिक्सेलचं आहे आणि एका हादऱ्यात ते ५४ पिक्सेल सरकवावं लागलं असं धरू. उंचीचा हा जेमतेम विसावा भाग. झूम मध्यापासून होतो, त्यामुळे खालून आणि वरून दोन्हीकडून ५४ पिक्सेल जातात. उरलेले ९७२ पिक्सेल पुन्हा १०८० करायला १११ टक्के झूम लागतो. रुंदीही त्याच प्रमाणात कापली जाते आणि जवळपास एक पंचमांश चित्र हातचं जातं. मनगट नुसतं २ अंश तिरकं झालं तरी ते सरळ करायला १०६ टक्के झूम हवा.

खरी मेख पुढे आहे. हा झूम साधारणपणे पूर्ण क्लिपला एकच लागतो. बारा सेकंदांच्या शॉटमध्ये चौथ्या सेकंदाला कुणाचा धक्का लागला असेल, तर त्या एका धक्क्यापायी बाराही सेकंद कापले जातात. म्हणून आधी धक्का छाटून टाकावा किंवा तिथे क्लिपचे दोन तुकडे करावेत, आणि मग प्रत्येक तुकड्याला वेगळा स्टॅबिलायझर लावावा. एवढ्यानंच कितीतरी शॉट वाचतात. दुसरा उपाय शूटिंगच्या वेळचा: शेवटी फुल एचडीच हवं असेल तर ४के मध्ये शूट करा. २१६० ओळींतून १११ टक्के झूमनंतरही १९४५ ओळी उरतात, म्हणजे गरजेपेक्षा कितीतरी जास्त. चौकट आकसतेच, पण चित्र फुटत नाही. प्रीमिअरमध्ये मात्र Warp Stabilizer ला क्लिप आणि सिक्वेन्स एकाच आकाराचे लागतात. तेव्हा ४के सिक्वेन्समध्ये स्थिर करून तो सिक्वेन्स फुल एचडीच्या टाइमलाइनवर ठेवावा.

आता डोंगर वाकण्याकडे येऊ. कॅमेरा जागच्या जागी वळला, तर जवळचं आणि लांबचं सगळं जवळपास सारखंच सरकतं आणि अख्खी फ्रेम उलट सरकवली की काम भागतं. पण चालताना हात जागेवरून वरखाली होतो. धावत्या गाडीच्या खिडकीतून जवळचे खांब झरझर मागे पडतात आणि डोंगर हलत नाही, तोच प्रकार इथे प्रत्येक पावलाला घडतो. फोन ४ सेंटिमीटर वर गेला, तर नेहमीच्या लेन्समधून १ मीटरवरचा खांदा फुल एचडी चित्रात साधारण ५५ पिक्सेल सरकतो आणि ४० मीटरवरचा उतार दीड पिक्सेलसुद्धा नाही. फ्रेम खांद्याच्या हिशेबानं सरकवली तर डोंगर उड्या मारतो, डोंगराच्या हिशेबानं सरकवली तर खांदा. दोघांना एकदम स्थिर करेल असं एकही सरकवणं नाही.

यावरचा तोडगा म्हणजे चित्र एकसंध न धरता त्यावर जाळी कल्पायची आणि तिचा प्रत्येक भाग थोडा वेगळा ओढायचा. २०११ साली आफ्टर इफेक्ट्स सीएस ५.५ मध्ये Warp Stabilizer आला तो हेच तंत्र घेऊन. त्यातली Subspace Warp ही पद्धत आजही लावल्याबरोबर आपोआप निवडलेली असते. खुणा भरपूर आणि चांगल्या असतील तर ती थक्क करणारं काम करते. पण कोऱ्या आभाळात, साध्या भिंतीवर किंवा पाण्यावर धरायला खुणाच नसतात, आणि तिथली जाळी शेजारच्या खुणांवर अंदाजानं ओढली जाते. आपल्या शॉटमध्ये तर खुणांचा मोठा वाटा पताकांवर आणि माणसांवर आहे, आणि ती स्वतःच हलताहेत. पताका डावीकडे फडकली की सॉफ्टवेअर तो कॅमेऱ्याचा हादरा समजतं आणि मागचा डोंगर तिच्याबरोबर ओढतं.

यात फोनच्या सेन्सरची भर पडते. तो पूर्ण फ्रेम एका क्षणात टिपत नाही, ओळीमागून ओळ वाचत जातो. वाचन चालू असताना हादरा बसला तर वरच्या आणि खालच्या ओळी वेगवेगळ्या जागी पडतात आणि सरळ खांब तिरका येतो. हलत्या शॉटमध्ये हे खपून जातं. शॉट स्थिर झाला की तोच खांब डुलू लागतो.

दोष ओळखायचा तर क्लिप पूर्ण वेगानं चालवा आणि नजर मुख्य माणसावर न ठेवता कोपऱ्यांवर, विजेच्या खांबांवर, दाराच्या चौकटींवर ठेवा. सरळ रेघ लवली की पद्धत चुकली.

घाटातल्या या शॉटला मी Subspace Warp काढून Position, Scale, Rotation निवडेन. यात फ्रेम फक्त सरकते, वळते, लहानमोठी होते, तिचे भाग वेगळे ओढले जात नाहीत. मग Smoothness सुरुवातीच्या ५० टक्क्यांवरून १५ च्या आसपास आणेन. चाल थोडी शिल्लक राहिली की फ्रेम कमी सरकवावी लागते, म्हणून झूमही कमी. जवळचा खांदा थोडा हलत राहील, पण माणूस चालतो आहे हे प्रेक्षकाला दिसतंच आहे, त्याला ते खटकत नाही. लवणारा डोंगर मात्र लगेच खटकतो. खुणा पताकांवरच अडकत असतील तर आफ्टर इफेक्ट्समध्ये त्या पडद्यावर दाखवून नको तेवढ्या पुसता येतात.

एक दोष मात्र यातली कुठलीच पद्धत काढत नाही. ढगाळ संध्याकाळी फोनचा शटर सेकंदाच्या तिसाव्या भागापर्यंत उघडा राहतो, आणि त्या वेळात बसलेला हादरा फ्रेममध्ये धूसरपणा म्हणून कायमचा उमटतो. चित्र स्थिर झालं की हलणं जातं, धूसरपणा राहतो, आणि डोंगर जागेवर उभा असूनही प्रत्येक पावलाला क्षणभर अस्पष्ट होतो. शॉट पुढे स्थिर करायचाच आहे हे आधीच माहीत असेल, तर फोनच्या मॅन्युअल मोडमध्ये शटर १/२०० च्या आसपास ठेवावा आणि अपुऱ्या उजेडासाठी आयएसओ वाढवून थोडे दाणे पत्करावेत.