जुनं जग, नवा गेम

‘माइनक्राफ्ट’मध्ये एखाद्या मुलाने वर्षानुवर्षं खपून उभारलेलं गाव संगणकाच्या एका फोल्डरमध्ये मावतं. घरं, शेतं, पेट्यांमधलं सामान, सगळं त्यातच असतं. या फोल्डरला धोका असतो तो दोन वेळा: गेम सेव्ह होत असताना आणि गेमची नवी आवृत्ती आल्यावर.

पहिला धोका विजेचा. जुन्या फाइलवरच नवी माहिती लिहायला घेतली आणि मध्येच वीज गेली, तर जुनं पुसलं गेलेलं असतं आणि नवं अर्धवट असतं. म्हणून चालू फाइलला हात न लावता आधी वेगळी, तात्पुरती फाइल पूर्ण लिहायची आणि मग फक्त नावं बदलायची, ही खात्रीची रीत आहे. माइनक्राफ्टच्या संगणकावरच्या जावा आवृत्तीत जगाची मूळ माहिती `level.dat` या फाइलमध्ये असते. सेव्ह करताना आधीच्या फाइलला `level.dat_old` हे नाव मिळतं आणि नवी तिची जागा घेते. वीज कुठल्याही क्षणी गेली तरी एक धड प्रत उरते.

यात एक खाच आहे. ‘लिहून झालं’ असं ऑपरेटिंग सिस्टिम सांगते, तेव्हा माहिती अनेकदा अजून मेमरीतच असते, डिस्कवर पोचलेली नसते. त्यामुळे नाव बदलण्याआधी ‘आता खरोखर डिस्कवर उतरव’ असा वेगळा हुकूम प्रोग्रॅमने द्यावा लागतो. तो दिला नाही, तर वीज आल्यावर फाइल जागेवर दिसते, पण तिचा आकार शून्य असतो किंवा आत नुसती शून्यं भरलेली असतात. असा बिघाड ओळखायला फाइलच्या शेवटी एक पडताळणीचा आकडा ठेवतात. उघडताना मजकुरावरून तोच आकडा पुन्हा काढायचा. जुळला नाही तर आधीच्या प्रतीकडे वळायचं. `level.dat` जीझिप पद्धतीने दाबलेली असते आणि त्या पद्धतीत हा आकडा आपोआप येतो.

दुसरा धोका अपडेटचा. पूर्वी माइनक्राफ्टमध्ये प्रत्येक ठोकळ्याला क्रमांक असे. लोकर म्हणजे ३५ आणि तिचा रंग म्हणजे सोबतचा छोटा आकडा. लाल म्हणजे १४. या छोट्या आकड्याला १६च किमती घेता येत आणि लोकरीच्या १६ रंगांनी त्या सगळ्या वापरल्या होत्या. सतरावा रंग हवा असता तर जागाच नव्हती. २०१८ साली आलेल्या १.१३ या आवृत्तीने क्रमांक काढून नावं आणली. लाल लोकर झाली `minecraft:red_wool`. आता जुन्या जगातल्या ‘३५, १४’चं काय करायचं?

इथे कामी येतो `DataVersion` हा आकडा. २०१६च्या १.९ आवृत्तीपासून प्रत्येक जगात, आणि जगाच्या १६ बाय १६ ठोकळ्यांच्या प्रत्येक तुकड्यातही, तो लिहिलेला असतो. १.१२.२साठी तो १३४३ आहे, १.१३साठी १५१९. तुकडा उघडताना गेम हा आकडा वाचतो आणि त्यानंतर झालेले सगळे बदल क्रमाने लावतो. एकही इयत्ता न गाळता वरच्या वर्गात जावं, तसं हे चालतं. आज नवा बदल करणाऱ्या प्रोग्रॅमरला फक्त शेवटची पायरी लिहावी लागते. जुन्या पायऱ्या आहेत तशाच राहतात. पण त्या कधीच काढूनही टाकता येत नाहीत, कारण कोणाकडे तरी जुनं जग असतंच. ज्या फाइलमध्ये हा आकडाच नाही, ती १.९च्या आधीची धरावी लागते. सेव्ह फाइलमध्ये आवृत्तीचा आकडा पहिल्या दिवसापासून हवा, तो यासाठी.

हे रूपांतर तुकड्यातुकड्याने होतं. आपण ज्या भागात पाऊल टाकतो, तोच बदलतो. त्यामुळे एकाच जगात काही भाग नव्या रूपात आणि दूरचे भाग वर्षांपूर्वीच्या रूपात असू शकतात. सगळं एकदम बदलायचं असेल तर जगाच्या ‘एडिट’ पर्यायात तशी सोय आहे.

उलट दिशेला मात्र रस्ता नाही. जुन्या गेमला पुढे येणारे ठोकळे माहीत असणं शक्य नाही. नव्या आवृत्तीत सेव्ह केलेलं जग जुन्या आवृत्तीत उघडलं, तर अनोळखी ठोकळ्यांच्या जागी पोकळी उरते आणि पुन्हा सेव्ह झालं की ती कायमची होते. गेम इशारा देतो, पण अडवत नाही. क्लाउडवरची आपोआप होणारी नक्कलही इथे तारत नाही, कारण ती बिघडलेल्या फाइलचीही इमानाने नक्कल करते.

म्हणून अपडेट घेण्याआधी त्याच ‘एडिट’ पर्यायातून बॅकअप घ्या आणि ती झिप फाइल पेन ड्राइव्हवर ठेवा. नव्या आवृत्तीत सगळं नीट दिसेपर्यंत ती पुसू नका.