कंट्रोलर नेमका कधी तुटतो?

खेळ रंगात आला असताना कंट्रोलर बंद पडला की बहुतेक घरांत पहिला उपाय ठरलेला असतो: तो पुन्हा पेअर करायचा. केबल लावायची, मधलं PS बटण दाबायचं, खेळ सुरू झाला की हुश्श म्हणायचं. अर्ध्या तासाने पुन्हा तेच. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा हा प्रकार आहे. पेअरिंग म्हणजे कंट्रोलर आणि कन्सोल यांची एकदाच करून दिलेली ओळख. त्या वेळी दोघेही एकमेकांचा पत्ता आणि एक गुप्त किल्ली आपापल्या मेमरीत जपून ठेवतात. कंट्रोलर अर्धा तास बिनतक्रार चालला, म्हणजे ती ओळख शाबूत आहे. तरीही तो मध्येच तुटतो तेव्हा बहुतेक वेळा दोनपैकी एक गोष्ट झालेली असते. एकतर त्याला वीज कमी पडली, नाहीतर त्याचा रेडिओ संदेश हवेतच हरवला.

या दोन्ही बिघाडांची लक्षणं वेगळी असतात. उदाहरणादाखल प्लेस्टेशन 5 आणि त्याचा ड्युअलसेन्स कंट्रोलर घेऊ. इतर कन्सोलची बटणं आणि मेन्यू वेगळे असले तरी तत्त्व तेच आहे.

वीज कमी पडली तर कंट्रोलर एका क्षणात मरतो. आधी काही जाणवत नाही, दिवा विझतो आणि संपलं. संदेश हरवत असतील तर तो आधी अडखळू लागतो. बटण दाबल्यावर किंचित उशिरा परिणाम होतो, किंवा स्टिक सोडली तरी पडद्यावरचा खेळाडू त्याच दिशेने धावत राहतो, कारण कन्सोलला मिळालेला शेवटचा संदेश ‘धाव’ असाच होता. ‘थांब’ हा पुढचा संदेश पोचलेलाच नसतो. असं दोन-चार वेळा होतं आणि मग जोड तुटते. तिसरा एक प्रकार बिघाडात मोडतच नाही. काही वेळ एकही बटण दाबलं नाही तर वीज वाचवण्यासाठी कन्सोल कंट्रोलरला स्वतःच बंद करतो. लांबलचक कथादृश्य बघताना कंट्रोलर गेला, तर आधी System मधल्या Power Saving मध्ये जाऊन ही वेळ किती लावली आहे ते बघावं.

आता बॅटरी. ड्युअलसेन्समध्ये 1560 मिलिअँपिअर-तासांची लिथियम-आयन बॅटरी असते. त्याआधीच्या ड्युअलशॉक 4 मध्ये ती 1000 ची होती. बॅटरी जुनी होते तशी तिच्यात साठणारी वीज कमी होते, हे मोबाइलमुळे आपल्याला माहीत असतं. पण खेळताना त्याहून जास्त त्रास देते ती दुसरी गोष्ट: जुन्या बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो. त्यामुळे एकदम जास्त वीज मागितली की तिचा व्होल्टेज क्षणभर खाली येतो. सोसायटीचा पंप सुरू होताना घरातला दिवा मिणमिणतो, तसंच. कंट्रोलरमध्ये हा पंप म्हणजे थरथर निर्माण करणाऱ्या मोटरी आणि बोटाला विरोध करणारे ट्रिगर. पडद्यावर स्फोट होतो, सगळ्या मोटरी एकदम कामाला लागतात, व्होल्टेज चिपला लागणाऱ्या किमान पातळीखाली जातो आणि कंट्रोलर बंद पडतो. मोटरी थांबल्या की व्होल्टेज पुन्हा वर येतो. म्हणून PS बटण दाबल्यावर तो लगेच जागा होतो आणि पडद्यावर बॅटरी निम्मी भरलेलीही दिसू शकते. ‘चार्ज तर आहे, मग बंद का पडला?’ हा गोंधळ इथून येतो. कंट्रोलर नेमका धुमश्चक्रीतच जात असेल तर व्हायब्रेशन आणि ट्रिगरचा परिणाम, दोन्ही सेटिंगमधून बंद करून खेळून बघावं. तेवढ्याने तुटणं थांबलं तर बॅटरी थकली आहे.

याहून पक्की परीक्षा पॉवर बँकेने करता येते. कंट्रोलर पॉवर बँकेला जोडा आणि नेहमीसारखं खेळा. आता त्याला वीज तारेतून मिळते, पण कन्सोलशी बोलणं अजून ब्लूटूथवरूनच चालू आहे. म्हणजे दोन संशयितांपैकी एकाला आपण बाजूला काढलं. असं खेळताना कंट्रोलर तुटला नाही तर दोष बॅटरीचा. तरीही तुटला तर दोष हवेत शोधायचा. त्यासाठी उलटी परीक्षा आहे. कंट्रोलर केबलने थेट कन्सोलला जोडायचा आणि Settings, Accessories या वाटेने कंट्रोलरच्या सेटिंगमध्ये जाऊन Communication Method मध्ये Use USB Cable निवडायचं. नुसती केबल लावून भागत नाही. ही निवड केली नाही तर केबल फक्त चार्जिंग करते आणि बटणांचे संदेश ब्लूटूथवरूनच जात राहतात. अनेकांची परीक्षा इथेच चुकते.

हवेत काय चाललेलं असतं? ब्लूटूथ 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं. घरातल्या वायफायचा जुना पट्टाही तोच, आणि मायक्रोवेव्ह ओव्हनमधून जी थोडी गळती होते तीही तिथलीच. या गर्दीतून वाट काढण्यासाठी ब्लूटूथ आपल्या पट्ट्याचे 79 बारीक भाग पाडतं आणि सेकंदाला 1600 पर्यंत उड्या मारत संदेश पाठवतं. जिथे गोंगाट आढळतो ते भाग ते यादीतून वगळतं. वायफायचं एक चॅनल साधारण वीस भाग अडवतं, त्यामुळे एका राउटरने कंट्रोलर सहसा तुटत नाही, उड्या मारायला जागा उरते. पंचाईत होते ती सगळा पट्टाच गोंगाटाने भरला तर. आणि तो भरणारी वस्तू अनेकदा कन्सोलला खेटूनच असते: यूएसबी 3 ची हार्ड डिस्क. तिच्या तारेतून माहिती इतक्या वेगाने धावते की तिचा विद्युत गोंगाट नेमका 2.4 ते 2.5 गिगाहर्ट्झमध्ये पसरतो. इंटेलने 2012 साली यावर सविस्तर टिपण प्रसिद्ध केलं होतं. हा गोंगाट एखाद्या चॅनलपुरता नसतो, त्यामुळे उडी मारून त्याला चुकवता येत नाही.

एक घर डोळ्यासमोर आणू. टीव्ही युनिटच्या खालच्या कप्प्यात प्लेस्टेशन 5 आडवा ठेवला आहे. त्याच्या मागच्या पोर्टला आखूड तारेने हार्ड डिस्क जोडली आहे आणि ती कन्सोलच्या अंगावरच ठेवली आहे. वरच्या फळीवर राउटर आहे. सोफा तीन मीटरवर. तक्रार अशी, की जुना क्रिकेटचा गेम खेळताना कंट्रोलर तुटतो, नवा फुटबॉलचा खेळताना कधीच नाही. साहजिकच घरात सगळे क्रिकेटच्या गेमला शिव्या देतात.

पॉवर बँक लावून क्रिकेट खेळलं, तरी कंट्रोलर तुटला. म्हणजे बॅटरी सुटली. Use USB Cable निवडून तासभर खेळलं, एकदाही तुटला नाही. म्हणजे दोष हवेतला. आता दोन गेममधला फरक बघायचा. प्लेस्टेशन 5 चे गेम यूएसबी डिस्कवरून चालत नाहीत, ते आतल्या एसएसडीवरूनच चालतात. प्लेस्टेशन 4 चे जुने गेम मात्र यूएसबी डिस्कवरून थेट चालतात. क्रिकेटचा गेम जुना, म्हणून तो डिस्कवर होता. तो खेळताना डिस्कची तार सतत कामात राहते, फुटबॉल खेळताना ती बहुतेक वेळ शांत असते. क्रिकेटचा गेम आतल्या एसएसडीवर हलवला, सेटिंगमधून डिस्क सुरक्षितपणे वेगळी केली, कंट्रोलर परत ब्लूटूथवर आणला आणि तुटणं थांबलं. डिस्क हवीच असेल तर चांगल्या आवरणाची मीटरभर तार घेऊन ती युनिटच्या दुसऱ्या टोकाला ठेवायची. जोडीला कन्सोलचं वायफाय 5 गिगाहर्ट्झवर न्यायचं किंवा त्याला सरळ नेटवर्कची तार जोडायची, म्हणजे ब्लूटूथच्या पट्ट्यातली गर्दी आणखी कमी होते.

संदेश हरवायला गोंगाटच लागतो असं नाही, आडोसाही पुरतो. धातूची जाळी किंवा आरसा लावलेलं युनिटचं दार रेडिओ लहरी अडवतं, आणि पाण्याने भरलेलं माणसाचं शरीर त्या शोषून घेतं. मार्च 2017 मध्ये निन्टेंडो स्विच बाजारात आला तेव्हा अनेकांचा डावा जॉय-कॉन मध्येच तुटत असे. मध्ये हात किंवा अंग आलं की हमखास. कंपनीने उत्पादनातल्या फरकामुळे काही नगांत हा दोष राहिल्याचं मान्य केलं. दुरुस्तीत आत वीजवाहक फोमचा एक छोटासा तुकडा बसवला जाई आणि तेवढ्याने तो सुधारे. म्हणून कन्सोल दाराआड, मागच्या कोपऱ्यात कोंबू नये. त्याचं तोंड सोफ्याकडे मोकळं असावं.

मग पुन्हा पेअरिंग कधी करायचं? कंट्रोलर खेळताना तुटत नसेल, पण सुरूच होत नसेल तेव्हा. कोणीतरी तो मोबाइलला किंवा लॅपटॉपला जोडलेला असतो आणि आता तो त्याच ओळखीच्या यंत्राला शोधत बसतो. अशा वेळी कन्सोल पूर्ण बंद करावा. कंट्रोलरच्या पाठीवर सोनीच्या नावाजवळ एक बारीक छिद्र आहे. त्यात सिम काढायची पिन किंवा टाचणी घालून आतलं बटण पाच सेकंद दाबून धरावं, त्याने जुनी ओळख पुसली जाते. मग कन्सोल सुरू करून केबलने कंट्रोलर जोडावा आणि PS बटण दाबावं. नवा पत्ता आणि किल्ली केबलमधूनच कंट्रोलरमध्ये जातात. इथे केबल महत्त्वाची. स्वस्तातल्या काही केबलींमध्ये फक्त चार्जिंगच्या तारा असतात. त्यांनी कंट्रोलर चार्ज होतो, पण कन्सोलला तो दिसत नाही. मोबाइलचे फोटो ज्या केबलने कॉम्प्युटरवर उतरवता येतात, तीच केबल वापरावी.

पुन्हा पेअर केल्यावर ‘जमलं’ असं वाटण्याचं कारणही या केबलमध्येच आहे. पेअरिंगसाठी ती लावली की थकलेल्या बॅटरीला चार-दहा मिनिटांचं चार्जिंग मिळतं, आणि केबल लावलेलीच ठेवून खेळलं तर तिचा व्होल्टेज पडतच नाही. श्रेय मात्र पेअरिंगला जातं आणि बॅटरीचा आजार तसाच राहतो. कंट्रोलर वॉरंटीत असेल तर तो उघडू नये. नसेल तर दुरुस्तीवाल्याकडे नेताना ‘डिसकनेक्ट होतो’ एवढंच सांगू नये. पॉवर बँक लावल्यावर तुटतो की नाही, ते सांगावं. नाही म्हणालात तर तो बॅटरी बदलेल. हो म्हणालात तर कंट्रोलर त्याच्याकडे सोडण्याआधी घरी जाऊन डिस्क, दार आणि राउटर तपासून बघा.