परदेशी पाहुणा कारखान्यात येतोय? निमंत्रणपत्र असं लिहा

शिरोलीतल्या फाउंड्रीत जर्मनीचा खरेदीदार कास्टिंग बघायला येणार असेल, तर ई-बिझनेस व्हिसाच्या अर्जाला त्याला इथल्या कंपनीचं निमंत्रणपत्र जोडावं लागतं.

पत्र लेटरहेडवर, सही-शिक्क्यानिशी द्या. नाव आणि नंबर पासपोर्टवर आहे तसाच टाका. 'कामासाठी येणार' असं मोघम लिहू नका. त्यातून नोकरीचा अर्थ निघू शकतो आणि नोकरीचा व्हिसा वेगळा असतो. 'पंपाच्या कास्टिंगची तपासणी व दराची बोलणी, १० ते १४ मार्च' असं स्पष्ट लिहा.

खर्चाचंही तसंच. 'विमानभाडं त्यांच्या कंपनीचं. कोल्हापुरातलं राहणं, जेवण व गाडी आमच्याकडं.' नुसतं 'खर्च आम्ही बघू' लिहिलंत, तर विमानभाडंही तुमच्याच गळ्यात पडेल.