सुटलेले वाचन पुन्हा अंगवळणी कसे पाडावे

कापड बाजारात सध्या चाळिशीच्या पुढची बरीच मंडळी पुन्हा परीक्षेला बसू लागली आहेत. कोणी 17 नंबरचा फॉर्म भरून बारावी देतो, कोणी मुक्त विद्यापीठातून बी.कॉम. करतो. पुस्तके येतात, वह्या येतात आणि पंधरा दिवसांत सारे कपाटावर जाते. कारण विचारले तर एकच उत्तर मिळते, ‘बसवत नाही हो, डोक्यात शिरत नाही.’ मंडळी हे वयावर ढकलतात. आमच्या मते वयाचा भाग थोडा आहे, सवयीचा फार.

व्यापारी माणूस दिवसभर वाचतच असतो. पण काय वाचतो? चलन, बिल, बिल्टी, मोबाइलवरचे दोन ओळींचे निरोप. यात नजर सरळ रकमेवर किंवा तारखेवर उडी मारते आणि काम होते. वीस वर्षे असे वाचले की नजरेला उडी मारण्याचीच सवय लागते. पाठ्यपुस्तकात ही उडी चालत नाही. त्यात मराठी वाक्याचे क्रियापद शेवटी येते. तीन ओळींचे वाक्य असेल तर पहिल्या ओळीतला कर्ता शेवटच्या शब्दापर्यंत मनात धरून ठेवावा लागतो. तेवढा धरण्याचा दम गेलेला असतो, म्हणून वाक्य संपते तेव्हा त्याची सुरुवात विसरलेली असते. त्यात प्रत्येक ओळीत एक-दोन अनोळखी शब्द आले की सारे लक्ष त्या शब्दांतच खर्च होते.

आमचा एक भाचा एका पतसंस्थेत शिपाई आहे. वय 43. दहावीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. संस्थेत कारकुनाची जागा निघणार होती, पगारात चांगला फरक होता, पण बारावीची अट. त्याने कॉमर्सला नाव घातले आणि ऑगस्टमध्ये आमच्याकडे आला. म्हणाला, ‘मामू, पहिला धडा चार वेळा वाचला, काही सांगता येत नाही.’ पुस्तक होते वाणिज्य संघटन व व्यवस्थापन, धडा व्यवस्थापनाच्या तत्त्वांचा. हेन्री फेयॉलची चौदा तत्त्वे त्यात आहेत.

आम्ही आधी त्याला चष्म्याच्या दुकानात पाठवले. हे अगोदर करावे. चाळिशीनंतर जवळचे अंधुक होत जाते. पुस्तक हात लांब करून धरावे लागत असेल, दहा मिनिटांत अक्षरे पसरत असतील, कपाळ दुखत असेल, तर तो दोष डोळ्यांचा आहे. त्यावर सराव हा इलाज नाही. त्याला जवळचा नंबर निघाला.

मग वीस मिनिटे ठरवली. सकाळी फजरनंतर, कामावर जाण्यापूर्वी, आठवड्यातून सहा दिवस. मोबाइल दुसऱ्या खोलीत, घड्याळ टेबलावर, हातात पेन्सिल. मन जिथे भरकटले असे ध्यानात येईल तिथे समासात एक ठिपका द्यायचा आणि त्या वाक्याच्या सुरुवातीला परत जायचे. वीस मिनिटे झाली की पुस्तक मिटून, वाचले ते दोन-तीन वाक्यांत मोठ्याने सांगायचे, घरात कोणी ऐको वा न ऐको. ही दुसरी अट महत्त्वाची. नजर पानावरून फिरते आणि मन दुकानात असते, तेव्हा माणसाला वाटते आपण वाचतो आहोत. पुस्तक मिटल्यावर हा भ्रम राहत नाही.

पहिल्या आठवड्यात वीस मिनिटांत जेमतेम दोन पाने व्हायची आणि सात-आठ ठिपके पडायचे. पहिला ठिपका पाच-सहा मिनिटांतच. दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस ठिपके दोनवर आले. वाढवण्याचा नियम आम्ही असा ठेवला : लागोपाठ तीन दिवस ठिपके दोन किंवा कमी, आणि मिटल्यावर सारांश सांगता आला, तरच पाच मिनिटे वाढवायची. पाचच, दहा नाही. वेळ घड्याळाने वाढवायचा नाही, ठिपक्यांनी वाढवायचा.

ऑगस्टअखेर पंचवीस, सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तीस. इथे साहेबांना उत्साह चढला आणि एकदम पाऊण तास बसले. पहिली पंचवीस मिनिटे स्वच्छ, पुढच्या वीस मिनिटांत अकरा ठिपके, आणि दुसऱ्या दिवशी पुस्तक उघडायचाच कंटाळा. असा कंटाळा आला की आदल्या दिवशी जास्त झाले असे समजावे. एक पायरी खाली उतरावे, पण बसणे मोडू नये.

ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत चाळीस मिनिटे झाली. मग घरात लग्न निघाले, बारा दिवस पुस्तकाला हात नाही. नंतर बसला तेव्हा चाळीस जमेनात. त्याला वाटले सगळे वाया गेले. आम्ही तीसवर आणले. दहा दिवसांत पुन्हा चाळीस. पहिल्यांदा वीसपासून चाळीसला दोन महिने लागले होते. सुटलेला सराव परत मिळवायला नव्याने मिळवण्याइतका वेळ लागत नाही, हे ठाऊक नसल्याने पुष्कळ लोक अशा खंडानंतर कायमचे सोडतात.

डिसेंबरात पंचेचाळीसवर तो थांबला. पन्नास करून पाहिले, पण शेवटची मिनिटे ठिपक्यांनी भरायची. मग आम्ही रेटले नाही. रात्री ईशानंतर दुसरी वीस मिनिटांची बैठक जोडली. ती जानेवारीत तीस झाली. सकाळी नवा धडा, रात्री सकाळचाच भाग पुन्हा, कारण रात्री थकलेल्या डोक्यात नवे शब्द बसत नाहीत. आता पंचेचाळीस मिनिटांत सात पाने होऊ लागली होती. वेग वाढवायचा प्रयत्न कोणी केला नव्हता. शब्द ओळखीचे झाले, तसा तो आपोआप वाढला. फेयॉलची कामाची विभागणी तर आमच्या गाठी बांधणाऱ्या आणि माल मोजणाऱ्या पोरांवरूनच त्याला समजली.

उर्दू माध्यमाच्या आमच्यासारख्यांसाठी एक गोष्ट. वाचताना नजर, वाचायच्या दिशेला पुढची काही अक्षरे आधीच टिपत असते. उर्दूत ती डावीकडची, मराठीत उजवीकडची. दोन्ही लिप्या येतात, पण एका बैठकीत दोन्ही घेतल्या तर सुरुवातीला नाहक दम लागतो. वाढवायच्या बैठकीत एकच लिपी ठेवावी.

ही रीत सगळ्याला लागू नाही. पुस्तपालनात मिनिटे मोजून उपयोग नाही. तिथे एक उदाहरण ताळेबंद जुळेपर्यंत सोडवावे लागते, मग पंधरा मिनिटे लागोत की पन्नास. आणि वाचायचा दम आला म्हणून लिहायचा येत नाही. पेपर तीन तासांचा. भाच्याचा हात पहिल्याच तासात आखडला, म्हणून शेवटचे पाच रविवार त्याने जुने पेपर घड्याळ लावून लिहिले.

मेमध्ये निकाल लागला. तो पास झाला, व्यवस्थापनात गुण बरे, पुस्तपालनात काठावर. कारकुनाच्या जागेचा अर्ज संचालकांपुढे आहे. सकाळची बैठक मात्र त्याने चालू ठेवली आहे, सध्या वीस मिनिटांची, सहकार कायद्याच्या पुस्तकावर. शब्द नवे असल्याने ठिपके पुन्हा सहा-सात पडतात.