पाव फेऱ्यात साडेचार टन

अर्धा मीटर लांबीची पितळी नळी घ्या. तिच्यातून 20 मिलिमीटर जाडीचा पोलादी बोल्ट आरपार घाला, दोन्ही टोकांना जाड वॉशर लावा आणि नट हाताने फिरेल तेवढा फिरवा. सगळं एकमेकांना टेकलं आहे, पण अजून ताण कुठेच नाही. आता पाना लावून नट फक्त पाव फेरा फिरवा.

या बोल्टला एका पूर्ण फेऱ्यात नट 2.5 मिलिमीटर सरकतो, म्हणजे पाव फेऱ्यात 0.625. पण नटासमोर नळी उभी आहे, मग त्याने सरकायचं कुठे? नळी थोडी दबते, बोल्ट थोडा ताणला जातो आणि दोघं मिळून ती जागा करून देतात.

पहिल्यांदा गणित करणारा हमखास इथेच चुकतो. सगळे 0.625 मिलिमीटर तो बोल्टच्याच नावावर लिहितो आणि बोल्टमधला ताण दर चौरस मिलिमीटरला 250 न्यूटन काढतो. नळीनेही माघार घेतली आहे, हे तो विसरतो.

वाटणी कशी होते? बोल्ट जेवढ्या जोराने नळीला दाबतो, तेवढ्याच जोराने नळी बोल्टला ताणते. जोर दोघांवर सारखाच, म्हणून जो लवचीक तो जास्त हलतो. पितळ पोलादाच्या साधारण निम्मंच ताठ असतं. पण आपल्या नळीचा आतला व्यास 22 आणि बाहेरचा 40 मिलिमीटर आहे, त्यामुळे तिच्यातलं धातूचं क्षेत्रफळ बोल्टच्या पावणेतीन पटींहून थोडं अधिक भरतं. दोन्हींचा हिशेब केला, तर नळी बोल्टपेक्षा 1.4 पट ताठ ठरते. म्हणून बोल्ट 0.364 मिलिमीटर वाढतो आणि नळी 0.261 मिलिमीटर आखडते. बेरीज बरोबर 0.625.

एवढ्याशा हालचालीमागचा जोर मात्र सुमारे 45,700 न्यूटन, म्हणजे साडेचार टनांहून जास्त वजनाएवढा. बोल्टच्या दांड्यात दर चौरस मिलिमीटरला 146 न्यूटन ताण येतो, नळीत 52 न्यूटन दाब. आट्यांपाशी बोल्ट बारीक असतो, तिथे ताण 187 पर्यंत चढतो.

आणखी पाव फेरा दिला की सगळे आकडे दुप्पट व्हायला हवेत. पण साधं पोलाद 250 च्या आसपास हार मानतं. त्यापुढे बोल्ट कायमचा लांबतो आणि हा हिशेब लागू राहत नाही. शंका आली, तर नट सैल करून बोल्टची लांबी मोजावी. तो मूळ लांबीवर परतला नसेल, तर मर्यादा ओलांडली गेली आहे.

नळीची लांबी निम्मी असती, तर त्याच पाव फेऱ्याने जोर दुप्पट झाला असता. म्हणून ‘पाव फेरा आवळ’ एवढंच सांगणं अपुरं आहे. कशावर आवळायचं, तेही सांगायला हवं.